दिसेनाशा होणाऱ्या डिस्कचा माग

कायमची बंद पडलेली एसएसडी दुरुस्ती करणाऱ्याला फारसा त्रास देत नाही. ती बदलायची, बॅकअप असेल तर त्यातून काम सुरू करायचं, नसेल तर हळहळायचं. खरा छळ करते ती अधूनमधून गायब होणारी. काम चालू असताना पडदा गोठतो. माउस हलत असतो, पण ज्यावर क्लिक करावं ते उघडत नाही. थोड्या वेळाने ब्लू स्क्रीन येतो, मशीन आपणहून रिस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर `No bootable device` एवढंच उरतं. बायोसमध्ये जाऊन पाहावं तर डिस्कच्या नावाची जागा रिकामी. मग वैतागून मशीन बंद करावं, चहा घेऊन यावं आणि पुन्हा चालू करावं, तर डिस्क हजर आणि सगळ्या फायली जशाच्या तशा! तेच मशीन दुकानात नेलं की दिवसभर शहाण्यासारखं चालतं आणि घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही पुस्तिका या एकाच दुखण्याबद्दल आहे. संशयित मुख्यतः तीन: कनेक्टर नीट न बसणं, डिस्कच्या फर्मवेअरमधला दोष आणि वीज वाचवण्यासाठी डिस्क ज्या झोपेत जाते ती झोप. तिघांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पण ती वाचण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, नाहीतर पुढच्या सगळ्या तपासण्या करूनही निष्कर्ष चुकेल. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आपल्याकडे या तक्रारीवरचा ठरलेला इलाज म्हणजे "डिस्क काढून परत बसवा". कारागीर मागचं झाकण उघडतो, स्क्रू काढतो, कार्ड बाहेर घेऊन सोनेरी पट्ट्या पुसतो, परत बसवतो आणि मशीन चालू करतो. डिस्क दिसते. "लूज कॉन्टॅक्ट होता साहेब," असं म्हणून तो पैसे घेतो. त्याला लबाड म्हणता येणार नाही, कारण डिस्क खरोखरच दिसू लागलेली असते. फक्त ती पट्ट्या पुसल्यामुळे दिसू लागली, याला काहीच पुरावा नसतो.

एसएसडीच्या पट्टीवर मेमरीच्या चिपांबरोबर एक कंट्रोलर असतो. हा कंट्रोलर म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला एक छोटा कॉम्प्युटर आणि फर्मवेअर हा त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम अडकला की कंट्रोलर मदरबोर्डच्या हाकेला ओ देणं थांबवतो. विंडोजच्या दृष्टीने त्या क्षणी डिस्क नाहीशी होते. आता अडकलेला कंट्रोलर सुटतो कसा? बहुतेक वेळा त्याची वीज पूर्ण तोडल्यावरच. रिस्टार्टने हे होत नाही. रिस्टार्ट करताना प्रोसेसर नव्याने सुरुवात करतो, पण डिस्कच्या स्लॉटला मिळणारे 3.3 व्होल्ट सहसा चालूच राहतात. त्यामुळे अडकलेली डिस्क अडकलेलीच राहते आणि बायोसलाही दिसत नाही. शटडाउन केल्यावर वीज जाते, कंट्रोलर पहिल्यापासून उठतो आणि डिस्क परत येते.

डिस्क काढून बसवताना वीज तुटतेच. म्हणजे दोष फर्मवेअरचा असो की झोपेचा, काढून-बसवण्याने तो तात्पुरता बरा होणारच. म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम: डिस्क गायब झाली की झाकण उघडायच्या आधी नुसती वीज तोडून पाहा. मशीन शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग चालू करा. आधी एकदा साधा रिस्टार्ट करून डिस्क दिसते का तेही बघा. रिस्टार्टने दिसत नाही पण वीज तोडल्यावर हात न लावताही दिसते, असं प्रत्येक वेळी होत असेल तर संशय कंट्रोलर अडकण्याकडे वळवावा. सैल कनेक्टरचं वागणं सहसा इतकं नियमित नसतं. त्यावरची डिस्क कधी रिस्टार्टनेही परत येते, कधी वीज तोडूनही येत नाही, कधी लॅपटॉप नुसता उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला तरी जाते.

दुसरी अडचण पुराव्याची. विंडोज आपल्या अडचणींची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ठेवतं, पण गायब झालेली डिस्क विंडोजचीच असेल तर ती नोंद लिहायची कुठे? ज्या वहीत लिहायचं तीच हरवलेली. पुढच्या वेळी मशीन चालू झाल्यावर तिथे फक्त `Kernel-Power 41` सापडतं आणि त्याचा अर्थ एवढाच की आधीच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. काही मंडळी हा आकडा पाहून थेट पॉवर सप्लाय बदलतात. गायब होणारी डिस्क दुसरी, म्हणजे नुसत्या डेटाची असेल तर मात्र नशीब चांगलं. मग `129` क्रमांकाची रिसेटची नोंद आणि `157` क्रमांकाची डिस्क अचानक काढली गेल्याची नोंद वेळेसकट मिळते. पहिल्या प्रकारात पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डिस्कवर बाहेरून नजर ठेवावी लागते. ते कसं, हे पुढे एका उदाहरणात सविस्तर येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न. "काय होतं?" हे सगळेच विचारतात. उपयोगाचा प्रश्न "केव्हा होतं?" हा आहे. मोठी फाइल कॉपी करताना होतं की मशीन तसंच पडलेलं असताना? उचलताना, झाकण उघडताना होतं का? चालू केल्यापासून ठरावीक वेळाने होतं का? कामाच्या भरात जाणारी डिस्क तापत असू शकते किंवा तिला वीज अपुरी पडत असू शकते. हलवल्यावर जाणारी कनेक्टरकडे बोट दाखवते. काहीच चालू नसताना जाणारी डिस्क झोपेच्या प्रकरणातली. आणि घड्याळ लावल्यासारखी जाणारी असेल तर जवळजवळ नक्की फर्मवेअर. गिऱ्हाइकाला याचं उत्तर लगेच देता येत नाही, त्यामुळे त्याला आठवडाभर वेळ आणि चालू काम एका कागदावर लिहायला सांगावं. तो कागद कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

आता कनेक्टर. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एम-डॉट-टू प्रकारचं कार्ड असतं. त्यातलं नेहमीचं माप 2280, म्हणजे रुंदी 22 मिलीमीटर आणि लांबी 80 मिलीमीटर. ते तिरकं धरून स्लॉटमध्ये सरकवायचं, पूर्ण आत गेलं की दुसरं टोक खाली दाबायचं आणि स्क्रूने बसवायचं. चूक बहुतेक वेळा सरकवण्यात होते. कार्ड थोडं बाहेर राहतं, स्क्रू आवळताना ओढलं जातं आणि तरीही चालतं. पूर्ण आत गेलेल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांची जेमतेम एक बारीक कड बाहेर दिसते. ती कड दोन्ही बाजूंना सारखी असली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर कार्ड वाकडं बसलंय. स्क्रूखालचा छोटा खांब चुकीच्या उंचीचा असेल तर कार्ड मध्ये कमानीसारखं वाकतं. हीटसिंकखाली गरजेपेक्षा जाड पॅड लावल्यावरही तसंच होतं. असं कार्ड थंड असताना चालतं आणि तापल्यावर संपर्क सोडतं. स्क्रू हरवला म्हणून चिकटपट्टीने दाबून ठेवलेली कार्डंही पाहण्यात येतात. त्यांच्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

पट्ट्या पुसायला खोडरबर वापरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत हे जरा जास्त वेळा करावं लागतं.

कनेक्टरवर नुसता संशय घेऊन थांबू नये, कारण तो तपासता येतो. साटा केबलवर चालणाऱ्या अडीच इंची डिस्कच्या स्मार्ट नोंदीत बहुधा 199 क्रमांकाचा एक आकडा असतो, `UDMA_CRC_Error_Count`. केबलमधून येता-जाता डेटा बिघडला की तो वाढतो. तो कधी कमी होत नाही, त्यामुळे नुसता मोठा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. कदाचित तो जुन्या केबलचा इतिहास असेल. आजचा आकडा लिहून ठेवा, दोन दिवस काम करा आणि पुन्हा बघा. वाढत असेल तर केबल बदला. बदलल्यावर वाढायचा थांबला तर दोष सापडला. एनव्हीएमई कार्डासाठी वेगळी खूण आहे. लिनक्समध्ये `sudo lspci -vv` दिल्यावर त्या डिस्कखालच्या `LnkSta` या ओळीत `Width x4` हवं असताना `Width x2 (downgraded)` दिसलं तर चारपैकी दोन लेनचा संपर्क झालेला नाही. मात्र काही बोर्डांवर तो स्लॉट मुळातच दोन लेनचा असतो. आधी बोर्डाच्या माहितीपुस्तकात बघा आणि मगच कार्डावर आळ घ्या.

मला सगळ्यात आवडणारी तपासणी आणखी साधी आहे आणि ती फार कमी लोक करतात. एसएसडी आपल्याला किती वेळा वीज मिळाली याचा हिशेब स्वतः ठेवते. स्मार्ट नोंदीत तो `Power Cycles` या नावाने दिसतो. सकाळी मशीन चालू केल्यावर हा आकडा टिपून ठेवा, स्लीप बंद ठेवा आणि डिस्क गायब होईपर्यंत काम करा. गायब झाल्यावर मशीन एकदाच बंद करून चालू करा आणि आकडा पुन्हा बघा. तो एकानेच वाढला असेल तर बहुधा डिस्कला मधल्या काळात वीज मिळत होती, ती आतल्या आत अडकली होती. दोन किंवा जास्त वाढ असेल तर मशीन चालू असताना डिस्कची वीज मध्येच तुटली. मग कनेक्टर, वीजपुरवठ्याची केबल किंवा बोर्ड यांच्यामागे लागावं, फर्मवेअरमागे धावू नये. स्लीप बंद ठेवायला यासाठीच सांगितलं, कारण काही मशिनांत स्लीपमध्येही डिस्कची वीज जाते आणि हिशेब चुकतो.

फर्मवेअरचा दोष म्हणजे काय, हे समजायला 2011 सालच्या क्रूशिअल एम-फोर या साटा एसएसडीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ही डिस्क एकूण 5184 तास चालली की गायब व्हायची. 5184 तास म्हणजे बरोबर 216 दिवसांचं चालणं. वीज तोडून जोडली की परत यायची, डेटा शाबूत, पण तासाभराने पुन्हा गायब. मग दर तासाला तेच. दोष स्मार्टच्या एका मोजणीला चुकीचं उत्तर देण्यात होता. कंपनीने तो मान्य केला आणि जानेवारी 2012 मध्ये 0309 क्रमांकाचं फर्मवेअर काढून दुरुस्तही केला. डिस्क न बदलता, केबलला हात न लावता.

अशा वेळी माणूस काय काय करून बसतो याचा विचार करा. सात-आठ महिने डिस्क उत्तम चालली, म्हणजे बसवण्यात चूक नाही. अचानक जायला लागली, म्हणजे "डिस्क मरायला टेकली". केबल बदलली, परत आली. तासाने गेली. पोर्ट बदलला, परत आली. तासाने गेली. प्रत्येक इलाज तासभर लागू पडल्यासारखा वाटतो, कारण प्रत्येक इलाजात वीज तुटते. इथे घड्याळाकडे पाहणारा माणूस तासाभराची नियमितता ओळखतो आणि `Power On Hours` बघतो. सैल कनेक्टर घड्याळ बघून सैल होत नाही. 2019 मध्ये एचपीईच्या काही सर्व्हर एसएसडींमध्ये 32,768 तासांवर असाच दोष निघाला, पण तो घातक होता. त्या डिस्का परत येत नव्हत्या आणि डेटाही जात होता. म्हणून "एकदा परत आली म्हणजे पुढेही येईल" असं गृहीत धरू नये.

फर्मवेअर अपडेट करताना काय सांभाळायचं ते त्या प्रकरणात आहेच. इथे दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या चुकल्या तर पुस्तिका वाचून नुकसान होईल. एक, अपडेटच्या आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर हवा आणि चार्जर लावलेला हवा. गायब होण्याची सवय असलेली डिस्क अपडेटच्या मध्येच गायब झाली तर ती उठेलच याची खात्री नाही. दोन, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. मदरबोर्डच्या बायोसचं अपडेट किंवा त्यातले बदल केल्यावर विंडोज ती की मागू शकतं आणि नेमकी त्या वेळी ती कुणालाच सापडत नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या डिस्कचं फर्मवेअर बऱ्याचदा डिस्कच्या कंपनीकडे नसून लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर असतं, हेही ध्यानात असू द्या.

आता तिसरा संशयित. झोपेचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात मोठं आहे, कारण हल्लीच्या तक्रारींत मला हाच दोष जास्त दिसतो आणि लोकांना याचीच माहिती कमी असते. एनव्हीएमई डिस्कला काम नसलं की ती पायरीपायरीने कमी विजेच्या अवस्थांत उतरते. कोणत्या अवस्थेत किती वीज लागते, तिथे जायला आणि तिथून परत यायला किती वेळ लागतो, हे डिस्क स्वतःच सांगते. 2012 च्या एनव्हीएमई 1.1 या मानकाने डिस्कला ही उतरंड आपणहून उतरण्याची सोय दिली. लिनक्सने 2017 मध्ये 4.11 या आवृत्तीपासून ती सोय आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली आणि तक्रारी आल्या. काही डिस्का सगळ्यात खोल झोपेत गेल्या की उठतच नव्हत्या. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की दोष नेहमी एकट्या डिस्कचा नसतो. लिनक्सच्या कर्नलमध्येच नोंद आहे: सॅमसंग 960 इव्हो ही डिस्क असूसच्या प्राइम बी350एम-ए या बोर्डावर सस्पेंडनंतर गायब होते आणि प्राइम झेड270-ए वर चालू केल्यापासून काही मिनिटांत. कर्नलने त्या जोड्यांपुरती ही झोप बंद केली. इतर असंख्य बोर्डांवर ती डिस्क या झोपेसह चालत राहिली. "माझ्या मित्राकडे हीच डिस्क आहे, त्याला काही त्रास नाही" या वाक्याला म्हणूनच पुराव्याची किंमत नाही.

आता ते उदाहरण तपशिलाने. जीएसटीची रिटर्नं भरणाऱ्या एका सल्लागाराचा लॅपटॉप. तक्रार तीच, आणि दुकानात डिस्क काढून-बसवून झालेलं. कागदावर वेळा लिहायला सांगितल्या तेव्हा दिसलं की बहुतेक वेळा हा प्रकार दुपारच्या जेवणानंतर किंवा लांब फोननंतर व्हायचा. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखांना, जेव्हा मशीनला क्षणाची उसंत नसे, तेव्हा एकदाही नाही! रिस्टार्टने डिस्क दिसत नसे, वीज तोडली की दिसे. `Power Cycles` एकानेच वाढलेला. एवढ्यावरून कनेक्टर संशयातून बराचसा सुटला होता.

पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू केलं आणि एका खिडकीत कर्नलचे संदेश वाहते ठेवले, दुसऱ्या खिडकीत डिस्कच्या अवस्था विचारल्या. दुसऱ्या आज्ञेसाठी `nvme-cli` हे पॅकेज घालावं लागतं.

```
sudo dmesg -w
sudo nvme id-ctrl /dev/nvme0
```

अवस्थांच्या यादीतल्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या, कामापुरत्या देतो:

```
ps 3 : mp:0.0400W non-operational enlat:210  exlat:1500
ps 4 : mp:0.0050W non-operational enlat:2200 exlat:6000
```

म्हणजे तिसऱ्या अवस्थेत 40 मिलीवॅट, चौथीत फक्त 5. चौथीतून परत यायला 6000 मायक्रोसेकंद, म्हणजे 6 मिलीसेकंद लागतात. मग मशीन नुसतं ठेवून दिलं आणि अधूनमधून डिस्कवरच्या फायली उघडत राहिलो. दर वेळी वेगळी फाइल घ्यायची, कारण तीच फाइल पुन्हा उघडली तर ती मेमरीतून येते आणि डिस्क जागी होतच नाही. जेवणाच्या सुमारास पहिल्या खिडकीत हे उमटलं:

```
nvme nvme0: controller is down; will reset: CSTS=0xffffffff, PCI_STATUS=0x10
nvme nvme0: Does your device have a faulty power saving mode enabled?
nvme nvme0: Try "nvme_core.default_ps_max_latency_us=0 pcie_aspm=off" and report a bug
```

पहिली ओळ जरा थांबून वाचण्यासारखी आहे. `CSTS` म्हणजे कंट्रोलरच्या प्रकृतीची नोंद. तिथे `0xffffffff`, म्हणजे सगळेच्या सगळे बिट एक. कंट्रोलर कधीच असं उत्तर देत नाही. पीसीआय एक्सप्रेसवर हाक मारली आणि कुणीच बोललं नाही की वाचणाऱ्याच्या हाती सगळे एक येतात. म्हणजे ही ओळ "उत्तर चुकीचं आलं" असं सांगत नाही, "उत्तर देणारं कुणी नव्हतं" असं सांगते. शेजारचं `0x10` मात्र खरं उत्तर दिसतं. कार्डाची प्राथमिक ओळख अजून वाचता येत होती, तार पूर्ण तुटलेली नव्हती. तिथेही `0xffff` आलं असतं तर ते कार्ड बसवरून पूर्णच गेलं असं म्हणावं लागलं असतं आणि मी झाकण पुन्हा उघडलं असतं.

तिसऱ्या ओळीत कर्नल दोन इलाज एकदम सुचवतो. पहिला डिस्कच्या स्वतःच्या झोपेला लगाम घालतो, दुसरा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीच्या झोपेला. घाईत असलेल्याने दोन्ही लावावेत, कामाला लागावं. कारण शोधायचं असेल तर एका वेळी एकच. इथे पहिला लावला: सुरुवातीच्या ग्रब मेनूत `e` दाबून `linux` ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द जोडला आणि F10. दिवसभर मशीन पडून राहिलं, डिस्क जागेवर. मग शून्याऐवजी 5500 ही किंमत दिली. तिचा अर्थ, परत यायला 5500 मायक्रोसेकंदांहून जास्त लागणाऱ्या अवस्थेत जाऊ नकोस. वरच्या आकड्यांत बघा: तिसरी चालते, चौथी बाद. तरीही डिस्क जागेवर राहिली. म्हणजे दोष फक्त सगळ्यात खोल झोपेत होता. ती सोडल्याने होणारा तोटा 35 मिलीवॅटचा, जो लॅपटॉपच्या बॅटरीला जाणवणारही नाही.

विंडोजमध्ये हे इतकं सरळ नाही. पॉवर ऑप्शन्समधली `Link State Power Management` ही सेटिंग जोडणीच्या झोपेची आहे, डिस्कच्या झोपेची नव्हे. ती अशी बंद करता येते:

```
powercfg /setacvalueindex SCHEME_CURRENT SUB_PCIEXPRESS ASPM 0
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT SUB_PCIEXPRESS ASPM 0
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

डिस्कच्या झोपेसाठी `Primary NVMe Idle Timeout` वगैरे सेटिंगा आहेत, पण त्या लपवलेल्या असतात. त्या उघड्या कशा करायच्या ते झोपेच्या प्रकरणात आहे. सल्लागाराच्या लॅपटॉपवर नुसती जोडणीची झोप बंद करून भागलं नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर त्या डिस्कचं नवं फर्मवेअर होतं. डेटा काढून घेऊन ते चढवलं, सगळ्या सेटिंगा मूळपदावर आणल्या आणि मशीन पुन्हा जेवणाच्या सुट्टीइतकं पडू दिलं. त्यानंतर त्या डिस्कची तक्रार आलेली नाही. दोष झोपेचा, उपाय फर्मवेअरचा: दोन्ही प्रकरणं इथे एकमेकांत मिसळतात. उलट पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर डिस्क गायब झाली नाही तर ती निर्दोष ठरत नाही. कर्नलने त्या डिस्कसाठी आधीच सवलत दिलेली असू शकते.

या पुस्तिकेच्या मर्यादा सांगणं भाग आहे. तापून बंद पडणाऱ्या डिस्का आणि मदरबोर्डवरचे विजेचे दोष यांना इथे थोडक्यातच जागा मिळाली आहे. बाहेरच्या यूएसबी डब्यांतल्या एसएसडींना तर नाहीच. त्यांच्यात मधली ब्रिज चिप हा चौथा संशयित असतो आणि तो विषय वेगळा आहे. घसरत चाललेल्या मेमरी चिपा कुठल्याच सेटिंगने बऱ्या होत नाहीत. कनेक्टर तपासला, फर्मवेअर ताजं आहे, झोप बंद केली आणि तरी डिस्क जातेच, तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. आधी ती दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही गेली तर डिस्क बदला, तिथे टिकली तर बोर्ड दाखवा.

वॉरंटीत असेल तर तुमच्या वेळांचा कागद आणि पडद्याचे फोटो डिस्कबरोबर द्या. "आमच्याकडे चालते" या उत्तरावर तेवढंच चालतं. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातला डेटा मिळत नाही. तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी, डिस्क दिसते आहे तोवर, सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.